शेजाऱ्याचं उत्तर का चालत नाही? चपलेच्या दुकानाचं ब्रेक-इव्हन

मॅनेजमेंट अकाउंटिंगच्या वर्गात प्रत्येक पेपरवर आकडे वेगळे दिले, की शेजाऱ्याचं उत्तर उतरवून काही उपयोग नसतो. धंद्यातही तसंच आहे.

समजा, महाद्वार रोडवर तुम्ही कोल्हापुरी चपलांचं दुकान टाकलंय. आकडे उदाहरणापुरते घेऊ.

पेपर अ: एक जोड 600 रुपयांना विकता. त्यात कारागिराचे आणि पिशवीचे मिळून 400 जातात. महिन्याचं भाडं, पगार, लाईट बिल 30,000. एका जोडामागे 200 उरतात, हेच कॉन्ट्रिब्युशन. 30,000 ला 200 ने भागा. 150 जोड विकले की ना नफा, ना तोटा.

पेपर ब: बाकी सगळं तेच, फक्त घासाघीस होऊन जोड 550 ला जातो. उरतात 150, म्हणून आता 200 जोड लागतात. किंमत जेमतेम 8 टक्के उतरली, पण जोड 33 टक्के जास्त विकावे लागले! कारण कारागिराचे पैसे कमी होत नाहीत. सूट सगळी तुमच्या 200 मधूनच जाते.

नेहमीची चूक म्हणजे 30,000 ला थेट 600 ने भागणं. उत्तर येतं 50. पडताळून बघा: विक्री 30,000, मालाचे 20,000, वर दुकानाचा खर्च 30,000. म्हणजे 20,000 तोटा! ब्रेक-इव्हनला हा आकडा शून्यच यायला हवा.

आणि 200 जोड विकायला आणखी एक माणूस ठेवावा लागला, तर 30,000 चा आकडाच बदलतो. मग गणित पुन्हा मांडा.