समान हप्त्यातील व्याज व मुद्दल

विंचूरच्या एखाद्या कांदा-उत्पादकाने विहिरीसाठी एक लाख रुपये, द. सा. द. शे. 12 दराने, 15 समान वार्षिक हप्त्यांत फेडण्याच्या बोलीने घेतले, असे समजू. हप्ता सुमारे 14,682 रुपयांचा येतो. पहिल्या वर्षी सबंध लाखावर 12,000 रुपये व्याज होते. मुद्दलाच्या वाट्यास केवळ 2,682 रुपये उरतात. ही सावकारी लबाडी नव्हे. व्याज येणे बाकीवरच आकारले जाते आणि आरंभी बाकी सर्वाधिक असते. दुसऱ्या वर्षी बाकी घटल्याने व्याज 11,678 होते व मुद्दलात 3,004 पडतात. दहाव्या हप्त्यात मुद्दल व्याजाहून अधिक ठरते. कांद्याला भाव आला म्हणून पाच हप्त्यांनंतर सर्व कर्ज फेडू पाहणाऱ्यास मात्र धक्का बसतो: 73,412 रुपये भरूनही सुमारे 82,960 रुपये येणे निघतात. मुदत पाचच वर्षांची असती, तर 27,741 रुपयांच्या पहिल्याच हप्त्यात मुद्दलाचा भाग मोठा असता.