वुजू पाच वेळा, फेसवॉश दोनच वेळा : तरुणांसाठी चेहऱ्याची साधी निगा

पाच वक्त नमाज पढणाऱ्याचा चेहरा दिवसातून पाच वेळा पाण्याने धुतला जातो. मग वेगळी काळजी कशाला, असं बऱ्याच तरुणांना वाटतं. पण अनेकांचे गाल याच सवयीमुळे कोरडे पडलेले असतात. कारण वुजूचं पाणी नसतं; कारण असतो नळाजवळ ठेवलेला साबण.

एक उदाहरण घेऊ. समजा, भिवंडीत पावरलूमवर काम करणारा बावीस वर्षांचा तरुण आहे. कामावर कापसाची धूळ आणि घाम. म्हणून तो प्रत्येक वुजूच्या वेळी अंगाच्या साबणानेच तोंड धुतो. थोड्याच दिवसांत गाल ओढल्यासारखे होतात, दाढीखाली खाज सुटते, पांढरा कोंडा पडतो. त्याला वाटतं तोंड अजून स्वच्छ झालेलं नाही, म्हणून तो आणखी घासतो. इथेच चूक होते. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तर अंगाचा साबण सहसा अल्कधर्मी. तो मळाबरोबर त्वचेचं स्वतःचं तेलही काढून टाकतो.

धुणं

फेसवॉश दिवसातून दोनदाच वापरायचा : सकाळी एकदा आणि कामावरून आल्यावर एकदा. बाकीच्या वुजूला नुसतं पाणी पुरे. मटारच्या दाण्याएवढा फेसवॉश तळहातावर फेसाळून बोटांनी हलकेच फिरवा. दाढी असेल तर बोटं केसांच्या मुळापर्यंत न्या, नाहीतर फेस वरच्यावरच राहतो. पाणी गार किंवा कोमट असावं, कढत नको. धुतल्यावर त्वचा ताणल्यासारखी वाटली, तर फेसवॉश तुमच्यासाठी कडक आहे असं समजा आणि सौम्य घ्या.

क्रीम

चेहरा रुमालाने टिपून थोडा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा, म्हणजे तो ओलावा त्वचेत टिकतो. हेही मटारच्या दाण्याएवढंच पुरतं. चेहरा तेलकट असेल तर जेलसारखं हलकं घ्या, कोरडा असेल तर घट्ट क्रीम.

यामुळे वुजू होतो का, असं बरेच जण विचारतात. वुजूत पाणी त्वचेपर्यंत पोहोचायला हवं. जिरून गेलेलं क्रीम किंवा तेलाचा नुसता ओशटपणा पाण्याला अडवत नाही. मेणासारखा जाड थर बसला असेल तर मात्र तो आधी काढावा.

एक सावधगिरी बाळगा. गोरं करणारी म्हणून मेडिकलमधून कुणी सांगितलेली ट्यूब डॉक्टरांना न विचारता लावू नका. अशा काही ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. त्याने आधी चेहरा उजळल्यासारखा दिसतो, नंतर त्वचा पातळ होऊन लाल पडते आणि पुटकुळ्या येतात.

नाकातले केस

हे केस धूळ अडवतात, म्हणून सगळे काढायचे नसतात. बाहेर डोकावणारे तेवढेच कापायचे. वुजूत नाकात पाणी घेऊन नाक शिंकरून झालं की ही योग्य वेळ. उजेडात आरशासमोर उभे राहा, नाकाचा शेंडा बोटाने वर उचला आणि गोल टोकाच्या छोट्या कात्रीने किंवा ट्रिमरने कापा. कात्री आत खोल घालू नका. ती आधी आणि नंतर स्पिरिटने पुसा आणि घरात कुणाला वापरायला देऊ नका.

चिमट्याने केस कधीही उपटू नका. सलूनमध्ये नाकात वॅक्स लावतो म्हणाले तरी नको म्हणा. उपटलेल्या केसाच्या मुळाशी जंतू शिरून फोड येतो. नाकाच्या भागातल्या शिरांचा संबंध आत मेंदूजवळच्या शिरांशी असल्याने क्वचित हा संसर्ग फार गंभीर होतो. नाकाचा शेंडा लाल होऊन ठणकू लागला तर फोड दाबू नका. सूज गालाकडे किंवा डोळ्याकडे सरकली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

भुवया

भुवया उपटून बारीक करण्याची मनाई बुखारी आणि मुस्लिम शरीफमधल्या हदीसमध्ये आहे. ती हदीस स्त्रियांच्या संदर्भात असली, तरी अनेक उलेमा ती पुरुषांनाही लागू मानतात. म्हणून सलूनमधलं थ्रेडिंग टाळा. एखाददुसरा केस फार लांब वाढून डोळ्यावर येत असेल, तर तो कापण्याची मुभा अनेक उलेमांनी दिली आहे. तरी मनात शंका असेल तर आपल्या इमाम साहेबांना विचारा. कापायचं ठरलं तर भुवई छोट्या कंगव्याने वरच्या दिशेला विंचरा आणि भुवईच्या वरच्या रेषेबाहेर गेलेली टोकं तेवढी छाटा. आकार द्यायला जाऊ नका. एका बाजूला जास्त कापलं की दुसरी बरोबरीला आणताना दोन्ही विरळ होतात.

भिवंडीच्या त्या तरुणाला एवढंच करायचं आहे : साबण न्हाणीतच ठेवायचा, फेसवॉश दोनदा, त्यावर क्रीम. कात्री जुम्याच्या आंघोळीनंतर, तीही गरज असेल तरच. दोन-तीन आठवड्यांत कोंडा आणि खाज कमी झाली नाही, तर तो नुसता कोरडेपणा नसावा. मग त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं.