निर्यातीच्या पॅलेटवरील गव्हाची ओंबी

निर्यातीच्या मालाखाली जाणाऱ्या लाकडी पॅलेटवर चौकटीत छापलेली गव्हाची ओंबी, देशाचा संकेत ‘आयएन’, त्यापुढे एक क्रमांक आणि ‘एचटी’ ही अक्षरे असतात. या शिक्क्याचा मालाच्या दर्जाशी काहीही संबंध नसून तो केवळ लाकडात जिवंत कीड नसल्याची ग्वाही देतो. चीनमधून पॅकिंगच्या लाकडाबरोबर आलेला लांब शिंगांचा भुंगा १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील झाडांत सापडला, तेव्हा साध्या खोक्याच्या फळीतून केवढे नुकसान प्रवास करू शकते हे उघड झाले. त्यानंतर, २००२ मध्ये, आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली ‘आयएसपीएम १५’ हे मानक स्वीकारण्यात आले.

या मानकातील उष्णोपचाराची, म्हणजेच ‘एचटी’ची, अट थोडक्यात सांगता येते, पण ती पाळणे तितके सोपे नाही. लाकडाच्या गाभ्यासह सर्व भागांचे तापमान किमान ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटे राहिले पाहिजे. भट्टीतील हवा कितीही तापली तरी ओला किंवा जाड ठोकळा आतून सावकाशच तापतो. म्हणून तापमान मोजणाऱ्या सळया जाड लाकडाला भोक पाडून गाभ्यापर्यंत आणि कोठीत जिथे उष्णता सर्वांत उशिरा पोचते तिथे बसवतात. सर्वांत थंड सळई ५६ अंशांवर आली की मगच वेळेची मोजणी सुरू होते आणि मध्येच तापमान खाली घसरले तर ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. लाकडाची साल आधी काढलेली असावी लागते. चुकून राहिलेले तुकडे ३ सेंटिमीटरपेक्षा अरुंद असतील तर लांबी कितीही असली तरी चालतात आणि त्याहून रुंद असतील तर प्रत्येकाचे क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी असावे लागते.

देशाच्या संकेतापुढील क्रमांक शिक्का मारणाऱ्या मान्यताप्राप्त उत्पादकाचा किंवा उपचार करणाऱ्याचा असतो. भारतात ही मान्यता केंद्रीय वनस्पती संरक्षण संचालनालयाकडून मिळते. छोट्या पॅकरला स्वतः शिक्का करून मारण्याचा अधिकार नसतो, शिक्का हाताने काढता येत नाही, तो पुसट असून चालत नाही आणि शक्यतो दोन समोरासमोरच्या बाजूंवर दिसावा लागतो. ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकूड आणि प्लायवूडसारखे गोंद, उष्णता व दाब वापरून बनवलेले पदार्थ या नियमातून वगळले आहेत. परंतु प्लायवूडच्या खोक्याखाली साध्या लाकडाचे पाय ठोकले की ते पाय नियमाखाली येतात, आणि पॅकरची गफलत बहुधा इथेच होते.

समजा, सांगलीचा एक पॅकर नेदरलँड्सला बेदाणा पाठवत आहे आणि भरणीच्या वेळी एका शिक्का असलेल्या पॅलेटची फळी फुटली. गोदामात पडलेली दुसरी फळी ठोकून काम भागवले, तर शिक्का जागेवर राहिला तरी त्याची ग्वाही खोटी ठरते. मानकाप्रमाणे पॅलेटचे एक तृतीयांशपर्यंत भाग बदलले तर ती दुरुस्ती मानली जाते. तिच्यासाठी उपचार केलेलेच लाकूड वा वगळलेल्या पदार्थांपैकी काही वापरावे लागते आणि उपचार केलेल्या प्रत्येक नव्या भागावर स्वतंत्र शिक्का लागतो. एक तृतीयांशाहून अधिक भाग बदलले, तर जुने सर्व शिक्के पुसून संपूर्ण पॅलेटवर पुन्हा उपचार करून नवा शिक्का मारावा लागतो. पॅलेट न मोडता, न बदलता पुन्हा वापरले तर मात्र यातले काहीच करावे लागत नाही. तपासणीत शिक्का नसलेले लाकूड सापडल्यास नेदरलँड्समधील अधिकारी उपचार करायला, नष्ट करायला वा माल परत न्यायला सांगू शकतात.

याच पॅकरला दुसरा प्रश्न पॅलेटच्या आकाराचा पडतो. त्याचे खोके ४०० × ३०० मिलिमीटरचे असतील, तर १२०० × १००० च्या पॅलेटवर एका थरात १० आणि १२०० × ८०० च्या पॅलेटवर ८ खोके नेमके बसतात. २० फुटी कंटेनरमध्ये पहिल्या आकाराची साधारण १० पॅलेट मावतात व दुसऱ्याची ११, म्हणजे जमिनीवरच्या एका थरात १०० विरुद्ध ८८ खोके. तरीही ग्राहकाच्या गोदामातील फडताळे ८०० मिलिमीटरच्या मापाची असतील तर लहान पॅलेटच घ्यावे लागते, म्हणून आकार ऑर्डर घेतानाच विचारून घेतलेला बरा. इथे एक खुलासा आवश्यक आहे: ‘आयएसपीएम १५’ आकाराबद्दल काहीच सांगत नाही, आकारांची यादी ‘आयएसओ ६७८०’ या वेगळ्या मानकात आहे.

‘एचटी’ म्हणजे वाळवलेले लाकूड असाही समज सर्रास आढळतो. गाभा ३० मिनिटे तापला म्हणून त्यातील सारे पाणी निघून जात नाही आणि बंद कंटेनरमधील अशा ओल्या पॅलेटवर प्रवासात बुरशी धरू शकते. लाकडातील ओलावा २० टक्क्यांखाली असल्यास बुरशीची वाढ होत नाही, म्हणून पॅलेट विकत घेताना शिक्क्याबरोबरच ओलावामापकाचा आकडाही पाहून घ्यावा, तोही फळ्यांचा नव्हे तर जाड ठोकळ्यांचा.