दुकानाचा मॅनेजर कंपनीला परका

इंग्लंडमधल्या नॉर्थविच गावात १९६९ साली टेस्कोच्या दुकानावर एक जाहिरात झळकत होती. ‘रेडियंट’ ही कपडे धुण्याची पावडर एक शिलिंगने स्वस्त, किंमत फक्त २ शिलिंग ११ पेन्स. एका गिऱ्हाइकाने पुडा उचलला, तर गल्ल्यावर त्याच्याकडून ३ शिलिंग ११ पेन्स घेतले गेले. सवलतीचे पुडे आदल्या संध्याकाळीच संपले होते. दुकानातल्या एका कर्मचारी महिलेने रिकाम्या जागी नेहमीच्या किमतीचे पुडे लावले होते आणि मॅनेजरला ते सांगितलं नव्हतं. मॅनेजरनेही मांडणी न तपासता, सवलतीचा सगळा माल ठीक असल्याची नोंद केली.

खटला टेस्को कंपनीवर भरला गेला आणि खालच्या कोर्टाने २५ पौंडांचा दंड ठोठावला. त्या वेळच्या ग्राहक कायद्यात एक पळवाट होती. चूक ‘दुसऱ्या व्यक्तीची’ असेल आणि कंपनीने पुरेशी खबरदारी घेतली असेल, तर कंपनी सुटत असे. टेस्को म्हणाली, चूक मॅनेजरची. पण कंपनीचं दुकान चालवणारा मॅनेजर कंपनीहून ‘दुसरा’ कसा?

हा प्रश्न थेट हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. फौजदारी कायद्यात बहुतेक गुन्ह्यांसाठी कृत्यासोबत हेतू किंवा जाणीवही सिद्ध करावी लागते. कंपनीला मन नसतं. त्यामुळे तिचा कारभार ज्यांच्या हाती आहे त्यांचंच मन कंपनीचं मन मानण्याची रीत इंग्लिश न्यायालयांनी १९१५ पासून रूढ केली होती. असा माणूस कंपनीचा नोकर म्हणून नव्हे, तर खुद्द कंपनी म्हणून वागत असतो. मग त्याचा अपराध हा कंपनीचाच अपराध. लॉर्ड्सनी १९७१ साली या वर्तुळाची सीमा आखली. संचालक मंडळ, व्यवस्थापकीय संचालक आणि मंडळाने ज्यांना स्वतंत्रपणे निर्णय घेण्याचे पूर्ण अधिकार सोपवले आहेत, असे अधिकारी आत. टेस्कोची तेव्हा आठशेहून अधिक दुकानं होती. त्यांतल्या एकाचा मॅनेजर वरून आलेले आदेश पाळत होता, म्हणून तो बाहेर. टेस्को सुटली.

याचा परिणाम विचित्र झाला. दोन-तीन संचालकांच्या छोट्या कंपनीत मालकाला सगळं ठाऊक असतं, म्हणून ती चटकन सापडते. अवाढव्य कंपनीत मात्र निर्णय दहा टेबलांवर विभागलेला असतो आणि वरच्या मजल्यावरच्या कुणा एकाला दोषी ठरवणं अवघड जातं. मार्च १९८७ मध्ये ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरीबोट पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच बेल्जियमच्या बंदरातून निघाली आणि उलटून १९३ माणसं मेली. चौकशीत कंपनीच्या ढिसाळ कारभारावर कडक ताशेरे आले. तरीही १९९० साली सदोष मनुष्यवधाचा खटला मध्येच कोसळला, कारण कंपनीचं मन मानता येईल अशा एकाही व्यक्तीवर गुन्हा सिद्ध होण्यासारखा नव्हता. अनेकांच्या लहानसहान चुकांची बेरीज करून कंपनीचा अपराध बनवायला कायद्याची मुभा नव्हती.

ब्रिटनने २०२३ च्या कायद्याने आर्थिक गुन्ह्यांपुरतं हे वर्तुळ रुंदावलं. आता लाचखोरी किंवा फसवणूक एखाद्या ‘वरिष्ठ व्यवस्थापकाने’ आपल्या अधिकारात केली, तर कंपनीही दोषी ठरते. इथे हुद्द्याचं नाव गौण आहे. कंपनीच्या बऱ्याच मोठ्या कामकाजाच्या निर्णयांत त्या माणसाचा महत्त्वाचा वाटा आहे का, एवढं पाहिलं जातं. एखाद्या विभागाचा प्रमुख यात येऊ शकतो. शेकडोंपैकी एका दुकानाचा मॅनेजर मात्र आजही बहुधा बाहेरच राहील.

भारतात हा वाद पुण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टातून वर गेला. उपग्रह फोनच्या प्रकल्पाचं खोटं चित्र रंगवून गुंतवणूकदारांना फसवल्याची तक्रार इरिडियम इंडियाने मोटोरोलाविरुद्ध केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती पुन्हा उभी केली आणि सांगितलं की कंपनीवरही फसवणुकीचा खटला चालू शकतो, कारण तिचा कारभार हाकणाऱ्यांचा हेतू तिला चिकटतो. मोटोरोला दोषी आहे की नाही, हे त्या निकालाने ठरवलं नव्हतं.

पुढे टू-जी प्रकरणाच्या एका शाखेत विशेष न्यायाधीशांनी हाच नियम उलटा लावला. कंपन्या आरोपी आहेत आणि सुनील भारती मित्तल व रवी रुईया ही त्यांची मनं आहेत, म्हणून तेही आरोपी, असं समजून त्यांना समन्स काढलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ते रद्द केलं. माणसाचा हेतू कंपनीवर लादता येतो, पण कंपनीचा अपराध आपोआप संचालकाच्या डोक्यावर येत नाही. त्याच्यावर खटला चालवायचा, तर एकतर गुन्ह्यातला त्याचा स्वतःचा सहभाग आणि हेतू दाखवणारा पुरावा हवा, किंवा पदाधिकाऱ्यांना जबाबदार धरणारं स्पष्ट कलम त्या कायद्यात हवं. चेक न वटण्याच्या प्रकरणांत असं कलम आहे. तिथे गुन्हा घडला तेव्हा कंपनीचा कारभार पाहणाऱ्या आणि त्याला जबाबदार असलेल्या संचालकालाही कंपनीसोबत आरोपी करता येतं. मग तो गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा टाळण्यासाठी आपण योग्य ती खबरदारी घेतली होती, हे त्याला सिद्ध करावं लागतं.