कामाचं चिन्ह कुणाच्या बाजूचं?

अकरावीच्या एनसीईआरटी भौतिकशास्त्रात पहिला नियम ΔQ = ΔU + ΔW असा दिसतो, रसायनशास्त्रात ΔU = q + w. नियम एकच, फरक कामाच्या चिन्हाचा. आत आलेली उष्णता दोन्हीकडे धनच. वाफेच्या इंजिनापासून चालत आलेल्या पद्धतीत वायूने केलेलं काम धन, रसायनवाल्यांकडे वायूवर झालेलं.

सिलिंडरमधल्या वायूला ५०० ज्यूल उष्णता दिली आणि त्याने दट्ट्या ढकलत २०० ज्यूल काम केलं. भौतिकशास्त्रात ΔU = ५०० − २००; रसायनशास्त्रात w = −२००, म्हणून ५०० + (−२००). दोन्हीकडे ३०० ज्यूल. सरमिसळ झाली की ७०० येतात, आणि ते अशक्यच: काम करून वायूने ऊर्जा खर्च केली, मग अंतर्गत ऊर्जा दिलेल्या उष्णतेपेक्षा जास्त कशी वाढेल? म्हणून सूत्र वापरण्याआधी त्या पुस्तकात w कुणाचं काम, ते पाहा.