मालिका धरायची की सोडायची?

काशीदहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

संध्याकाळी साडेसात म्हणजे आमच्याकडे पाहुण्यांच्या जेवणाची घाई, आणि मालिकेचीही तीच वेळ. मागच्या बैठकीत एकीने विचारलं, "नव्या मालिकेचे पहिले भाग अगदीच कंटाळवाणे आहेत. पुढे बघू की सोडू?"

आधी हिशेब केला. रोज अर्धा तास, आठवड्यातले सहा दिवस, म्हणजे तीन तास. वर्षाचे दीडशेच्या वर तास. आणि मालिका कधी संपेल ते कोण सांगणार? 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली!

मग आठवली 'आई कुठे काय करते'. ती डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. अरुंधती सगळ्यांचं करते आणि बोलणीही खाते. "पुन्हा तीच रडकी बाई," म्हणून आमच्यातल्या दोघींनी आठवड्यातच सोडली. पुढे नवऱ्याचं संजनाशी असलेलं नातं तिला कळलं, घटस्फोट झाला, ती गाण्याच्या जोरावर उभी राहिली. तेव्हा त्या दोघी आम्हाला रोज मागची गोष्ट विचारायच्या.

मग सुरुवातीला काय ओळखायला हवं होतं? रोजची मालिका पहिल्या भागांत घर आणि माणसं उभी करते, म्हणून ती संथ वाटते. संथपणा माफ करावा. पण आत गाठ आहे का ते बघावं. अरुंधतीच्या घरात ती होती. नवऱ्याचं गुपित आपल्याला ठाऊक होतं, तिला नव्हतं. तिला कळेल तेव्हा ही गप्प बाई काय करील, हा प्रश्न मनात राहत होता. गाठच नसेल, नुसती भांडणं आणि दागिने असतील, तर पुढेही तेच येणार.

म्हणून आम्ही ठरवलं: दोन आठवडे, म्हणजे बारा भाग, सहा तास द्यायचे. मग तीन दिवस बघायचंच नाही. चौथ्या दिवशी शेजारणीला विचारायचं, "काय झालं?" तिने एका वाक्यात सांगितलं आणि कुणाच्या वागण्यात काही फरक पडला नसेल, तर सोडून द्यायची. काही चुकल्याची हुरहुर लागली, तर धरायची.

एक ध्यानात ठेवा. मालिका चालू असतानाच लिहिली जाते, टीआरपी बघून गोष्ट वळवली किंवा ताणली जाते. 'आई कुठे काय करते' २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत चालली. शेवटी आमच्यातल्या काहींना तीही लांबल्यासारखी वाटली. त्यामुळे एकदा धरली म्हणजे शेवटपर्यंत बांधून घेतलं, असं नाही. दर दोन-तीन महिन्यांनी तीच तीन दिवसांची परीक्षा पुन्हा घ्या.

त्या नव्या मालिकेचे आमचे नऊ भाग झालेत. अजून तीन बघू, मग सांगू.