निनावी उत्तराचे वजन

ब्लीचिंग पावडरमध्ये संडास धुण्याचे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड मिसळावे का, या प्रश्नाला दोन निनावी उत्तरे आली असे समजा. पहिले म्हणते, "मिसळा, अधिक स्वच्छ होते." त्याला दहा जणांचा होकार आहे. दुसरे म्हणते, "मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो." आधार कोणीच दिलेला नाही. खरे कोणते?

होकार मोजू नका. पडताळता येईल असे विधान कोणत्या उत्तरात आहे ते पाहा. दुसऱ्यात वायूचे नाव आहे. तेवढ्यावर ते खरे ठरत नाही, पण रसायनशास्त्राचे पुस्तक उघडले की समीकरण सापडते:

CaOCl₂ + 2HCl → CaCl₂ + H₂O + Cl₂

शेवटचा Cl₂ म्हणजेच क्लोरीन. तो फुप्फुसांना इजा करतो, म्हणून ही पडताळणी पुस्तकातच करायची, न्हाणीघरात नव्हे!